गौरीच्या सोवळ्यात पहिल्यांदा उभं राहताना

माझं माहेर कोल्हापूरचं, सासर बेळगावातलं. माहेरी आंघोळ केली, धुतलेली साडी नेसली की पूजा सुरू. सासरी पहिल्या वर्षी गौरीपूजनाच्या सकाळी मी तशीच स्वयंपाकघरात शिरले. सासूबाईंनी नुसतं वर पाहिलं आणि म्हणाल्या, "मडी होय्तु." म्हणजे सोवळं गेलं. त्या घरात मराठीच बोलतात, पण रागाचे आणि सोवळ्याचे शब्द कानडीतून येतात. सोवळ्याला मडी, ओवळ्याला मैलिगे, खरकट्याला मुसुरे आणि उष्ट्याला एंजलु. शेजारच्या कानडी बायका आल्या की हेच चार शब्द इकडून तिकडे फिरतात, म्हणून पहिल्याच दिवशी पाठ केलेले बरे.

हा लेख माझ्यासारख्या नवख्यांसाठी आहे, ज्यांना या भागातल्या सोवळं पाळणाऱ्या घरात गौरीचा नैवेद्य करायला उभं राहायचंय आणि कुणाला विचारायची चोरी वाटते. नियमांची यादी पाठ करायला गेलात तर वेड लागेल. त्यामागचं गणित मात्र फार सोपं आहे. सोवळं ही माणसाची जात किंवा स्वभाव नव्हे, ती काही तासांची अवस्था आहे. ती आंघोळीनं येते आणि स्पर्शानं जाते. सकाळी उठल्यावर घरातलं प्रत्येक जण पारोसंच असतं, सासूबाईसुद्धा. दुसरी गोष्ट ओल्या-कोरड्याची. कोरडी वस्तू सहसा ओवळं वाहून नेत नाही. ओली, शिजलेली वस्तू आणि सुती कापड हमखास नेतं. ही दोन वाक्यं धरून चाललात तर ऐंशी टक्के प्रश्नांची उत्तरं स्वतःलाच सापडतात.

आदल्या रात्री: कपडा

सोवळ्याची सुरुवात आंघोळीनं होत नाही, दोरीवर होते. सकाळी नेसायची सुती साडी किंवा पंचा आदल्या दिवशी धुऊन, पिळून, कुणाचा हात लागणार नाही अशा उंच दांडीवर टाकायचा. जुन्या घरांत छताला टांगलेली बांबूची दांडी असते आणि तिच्यासाठी एक लांब काठी. कपडा काठीनंच वर टाकायचा, काठीनंच खाली घ्यायचा. वाळलेल्या कपड्याला पारोशानं हात लावला की तो नुसता स्वच्छ कपडा उरतो, सोवळ्याचा राहत नाही. स्वच्छ आणि सोवळं यांतला फरक इथेच कळतो. इस्त्रीची, कपाटातली साडी स्वच्छ असते, पण दहा हात लागलेली असते.

अडचण अशी की बेळगावात भाद्रपदात पाऊस हटत नाही, खानापूरकडे तर विचारूच नका. दोन-दोन दिवस सुती साडी वाळत नाही. त्यावर घरोघरी दोन उपाय आहेत. एक, कपडा पिळून जोरात सात वेळा झटकायचा आणि तो वाळल्यासारखा धरायचा. ही पळवाट बायकांनी काढलेली नाही. सात वेळा वारा लागलेलं ओलं वस्त्र कोरड्यासारखं, असं स्मृतीवचनच सांगतात. दुसरा आणि खरा उपाय म्हणजे रेशीम किंवा लोकर. पुरुषांचा कद किंवा मुकटा रेशमाचा, धाबळी लोकरीची. रेशमाला आणि लोकरीला सुतासारखं चटकन ओवळं लागत नाही असं मानतात, म्हणून ती रोज धुवावी लागत नाहीत. वापरून झालं की झटकून, वाऱ्यावर टाकून, घडी करून वेगळी ठेवायची. शौचाला मात्र ती नेसून कधीही जायचं नाही. तिथे रेशमालाही माफी नाही.

दुकानात "पूजेचं सिल्क" म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंचसं पॉलिस्टर असतं. आतल्या काठाचा एक धागा उपसून काडीनं पेटवून बघा. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि काळी राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. माझं म्हणणं असं की धर्माचं सोडा, पुरणाच्या गॅससमोर चार तास उभं राहायचं तर ती वितळणारी साडी नेसूच नका. धुतलेली सुती शंभर पटीनं बरी.

सकाळी: आंघोळ आणि ओलेतं

क्रम चुकवू नका. शौच, दात घासणं, नखं काढायची असतील तर ती, सगळं आंघोळीच्या आधी. आंघोळीनंतर यातलं काहीही केलं की पुन्हा पहिल्यापासून. गौरीपूजनाला डोक्यावरून आंघोळ. शास्त्रात नदीचं पाणी सगळ्यांत वरचं, मग तळं, विहीर, आणि शेवटी घरात भरून ठेवलेलं. मलप्रभा काही रोज दारात येत नाही. म्हणून तांब्या भरताना "गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति, नर्मदे सिन्धु कावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु" म्हणायचं, म्हणजे या सात नद्यांना बादलीत बोलवायचं. नळाचं पाणी चालतं. जुन्या वाड्यांत परसातल्या आडाचं पाणी वेगळं ठेवतात, ते असेल तर देवासाठी ते घ्या. गरम पाण्याला घरात हरकत नाही.

आता खरी मेख. आंघोळ झाल्यावर अंग पुसायचं कशानं? दारामागचा टॉवेल घरातल्या चौघांनी हाताळलेला. त्यानं पुसलं की संपलं. जुनी पद्धत अशी की आंघोळीत एक पंचा किंवा जुनी साडी अंगाबरोबरच भिजवून, पिळून तीच ओली नेसायची. याला ओलेतं म्हणतात. ओलेत्यानंच दांडीपाशी जायचं, काठीनं कोरडा कपडा काढायचा, तो नेसायचा आणि ओलेतं खाली सोडून पायानं बाजूला सारायचं. वाटेत दाराला, पडद्याला, नवऱ्याला टेकायचं नाही. मी पहिल्या वर्षी पडद्याला टेकले होते.

ज्यांना डोक्यावरून आंघोळ सोसत नाही, आजारी आहेत, टाके पडलेत, त्यांनी हट्ट करू नये. शास्त्रानंच पाण्याच्या बुडीशिवाय आणखी सहा स्नानं सांगितलीत. भस्म लावणं हे आग्नेय, मंत्रानं पाणी शिंपडणं हे मांत्र, माती लावणं हे भौम, गाईंच्या पायांची धूळ अंगावर घेणं हे वायव्य, उन्हात पडणारा पाऊस अंगावर घेणं हे दिव्य, आणि नुसतं मनानं देव आठवणं हे मानस. आमच्याकडे आजेसासूबाई शेवटची दोन वर्षं ओल्या फडक्यानं अंग पुसून घेत आणि देवाजवळ बसत. त्यांना कुणी ओवळं म्हटल्याचं मला आठवत नाही.

स्वयंपाक: ओलं आणि कोरडं

सोवळं नेसल्यावर पहिलं काम पाणी. तांब्या-पितळेच्या कळशीत सोवळ्यातलं पाणी भरून वेगळं झाकून ठेवायचं, दिवसभर नैवेद्याला तेच. भांडी धातूची असतील तर चिंच आणि राखेनं घासून, धुऊन ती शुद्ध होतात. मातीचं भांडं पाणी शोषतं, म्हणून ते एकदा ओवळं झालं की धुऊन भागत नाही, बदलावंच लागतं. प्लॅस्टिकबद्दल ग्रंथ गप्प आहेत, पण सासवा नाहीत.

आता तांदळाकडे बघा. तांदूळ, डाळ, गूळ, कणीक दुकानदारानं मापली, हमालानं उचलली, तुम्ही पिशवीत आणली, तरी चालतं, कारण ती कोरडी आहेत. पाणी घालून शिजवलं की तीच डाळ खरकटी होते आणि स्पर्श झेलू लागते. म्हणून शिजलेल्या भाताचा हात तुपाच्या बरणीला लावायचा नाही, आधी धुवायचा. भाजी आदल्या दिवशी कुणीही निवडून ठेवावी, चिरायचं काम मात्र सोवळ्यात. अर्धा कामाचा पसारा असा आदल्या रात्रीच ओवळ्यात संपवता येतो. हुशार बाई सोवळ्यात कमीत कमी वेळ उभी राहते.

नवख्यांना सगळ्यांत अवघड जातं ते चव न घेणं. देवाआधी जिभेला लागलं की सगळं उष्टं, एंजलु. मग मीठ कसं कळायचं? मापानं. कटाच्या आमटीला, जिला इथले कानडी लोक होळीगे सारू म्हणतात, लिटरभराला एक सपाट चमचा मीठ घाला आणि थोडं कमीच राहू द्या. कमी पडलेलं पानात वाढता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. पुरण झालं का हेही चाखून बघायचं नाही. किलोभर हरभरा डाळीला किलोभर गूळ घालून आटवत आणलंत की उलथणं मधोमध उभं करा. ते हात सोडल्यावर उभं राहिलं तर पुरण तयार, कललं तर अजून पाच-सात मिनिटं. ही खूण मला सासूबाईंनी दिली आणि आजवर चुकलेली नाही.

देवाजवळ: आचमन

आंघोळ अंगाची, आचमन तोंडाचं आणि आतलं. पंचपात्र, पळी आणि ताम्हण घ्या, पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून बसा. उभ्यानं आचमन करत नाहीत. उजव्या हाताचा तळवा गाईच्या कानासारखा खोलगट करायचा, मधली तीन बोटं जुळलेली, अंगठा आणि करंगळी किंचित मोकळी. डाव्या हातानं पळीतून तळव्यात पाणी घ्यायचं, उडदाचा दाणा बुडेल एवढंच. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाकडच्या भागाला ब्रह्मतीर्थ म्हणतात, तिथून ते प्यायचं. "केशवाय नमः", "नारायणाय नमः", "माधवाय नमः" असं तीनदा. चौथ्यांदा "गोविंदाय नमः" म्हणून पाणी बोटांवरून ताम्हणात सोडायचं. पुढं विष्णू, मधुसूदन अशी चोवीस नावं पुरी करून हात जोडायचे. हेच पुन्हा एकदा केलं की ते द्विराचमन.

चुका तीनच आणि त्या ऐकू येतात किंवा दिसतात. पाणी फुर्रकन ओढलं जातं, आवाज झाला की घोट मोठा घेतलाय असं समजा. पळी थेट ओठांना लावली जाते, मग पळी उष्टी आणि पंचपात्रातलं सगळं पाणी वाया. आणि बोटांच्या टोकांवरून पाणी प्यायलं जातं. ती जागा देवतीर्थाची, देवाला पाणी सोडण्याची. ज्या हातानं देवाला द्यायचं त्याच टोकानं आपण प्यायचं नाही, एवढाच त्यामागचा विचार. अंगठा आणि तर्जनीमधली जागा पितरांची, तीही इथे वापरायची नाही.

एक गोष्ट लपवत नाही. जुन्या ग्रंथांत आचमनाचं पाणी कुणाचं हृदयापर्यंत पोचावं, कुणाचं गळ्यापर्यंत, कुणाचं नुसतं ओठाला लागावं, हेही वर्णावर वाटलेलं आहे, आणि बायका शेवटच्या रांगेत. आमच्या घरात सगळे सारखाच घोट घेतात. सोवळ्याची ही तासाभराची अवस्था ज्या लोकांनी काही माणसांवर जन्मभरासाठी चिकटवली, त्यांचं समर्थन करण्याची मला गरज वाटत नाही. राज्यघटनेच्या १७व्या कलमानं अस्पृश्यता संपवली आहे. स्पर्शाचा नियम पाळायचा तर तो घरच्या पारोशा नवऱ्यालाही तितकाच लागू ठेवा आणि आंघोळ करून आलेल्या कुणालाही तो लावू नका. पाळीच्या दिवसांचंही तसंच. जुन्या पद्धतीत चार दिवस बाजूला आणि पाचव्या दिवशी न्हाऊन मोकळं. आमच्याकडे आता ज्या त्या बाईनं स्वतः ठरवायचं, आणि तिला विचारायचं नाही.

मोडलं तर

सगळ्यांना घाम फुटतो तो इथे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. प्रत्येक चुकीला पुन्हा आंघोळ लागत नाही. शिंक आली, खोकला आला, जांभई आली, बेंबीच्या खाली हात लागला, तर हात धुऊन आचमन पुरतं. पोळी लाटताना पाणी हाताशी नसेल तर उजव्या कानाला हात लावायचा. उजव्या कानात गंगा असते असं मानतात. बायका स्वयंपाकात मधेच कानाला का हात लावतात, हे कोडं मला असं उलगडलं. पारोशा माणसाचा किंवा ओवळ्या ओल्या कपड्याचा स्पर्श झाला तर मात्र कपडा बदलणं आणि आंघोळ. काही खाल्लंत की सोवळं तिथेच संपतं.

लहान मूल येऊन बिलगलं तर? जुन्या बायका मुलाचे कपडे काढून त्याला जवळ घेतात, उघडं बाळ ओवळं नसतं म्हणून. ऐकायला गमतीचं वाटेल, पण वरचंच गणित आहे. ओवळं बाळात नाही, त्याच्या झबल्यात आहे.

आता माझं पहिल्या वर्षाचं प्रकरण. पडद्याला टेकल्यावर मी पुन्हा आंघोळ करून, ओलेत्यानं दांडीपाशी जाऊन, साडी बदलून परत उभी राहिले. नऊ वाजता पुरण शिजत होतं आणि ओट्यावर माझा मोबाईल वाजला. माहेरचा फोन. मी हात पुसून उचलला, दोन वाक्यं बोलले आणि ठेवला. सासूबाई आल्या. मी विचारलं, "आता काय करू?" त्यांनी शांतपणे हिशेब मांडला. "मोबाईल कोरडा आहे, धातू आणि काच. त्यानं आचमनावर भागलं असतं. पण त्याचं कव्हर कशाचं आहे?" कव्हर चामड्याचं होतं. चामडं म्हणजे मेलेल्या जनावराचं कातडं, म्हणून पट्टा, पाकीट, चप्पल सोवळ्यात चालत नाही. मी म्हटलं, "मग पूजेला मृगाजिन कसं चालतं?" त्या हसल्या. "ते हरणानं सोसलं, तू आंघोळ सोस." तिसरी आंघोळ. पुरणाला मात्र काही झालं नाही, कारण हात पुसल्यावर मी भांड्याला स्पर्श केलाच नव्हता. तेवढ्यात गॅस बारीक करायला सोवळ्यातली दुसरी बाई हवी, म्हणून नैवेद्याच्या दिवशी किमान दोघींनी सोवळ्यात असावं. एकटीनं ओढू नका. मोबाईल तर दुसऱ्या खोलीतच ठेवा.

सोयर-सुतक हा वेगळा विषय. घरात जन्म झाला तर सोयर, मृत्यू झाला तर सुतक, जवळच्या नात्यात साधारण दहा दिवस, आणि ते आंघोळीनं जात नाही, दिवस भरल्यावरच जातं. त्यात गौरी आल्या तर घरच्यांनी पूजा करायची नाही, नात्याबाहेरच्या कुणाकडून करून घ्यायची किंवा ते वर्ष सोडायचं. गुरुजींना विचारा, कारण किती पिढ्यांपर्यंत किती दिवस हे घराघरांत बदलतं.

आणि इथे आल्यावर एक फरक डोळ्यांत भरतो. आमच्या शेजारच्या आक्का लिंगायत आहेत. त्या आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करतात. त्यांचे दीर वारले तेव्हा मी विचारलं, "सुतक किती दिवस?" त्या म्हणाल्या, "आम्हाला सुतक नाही." बाराव्या शतकात बसवण्णांच्या अनुयायांनी, म्हणजे शरणांनी, जन्म, मृत्यू, पाळी, उष्टं आणि जात ही पाचही सुतकं नाकारली. लिंग अंगावर असताना अंग ओवळं कसं, हा त्यांचा सवाल. आंघोळ त्याही चुकवत नाहीत. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना पाण्याचा उपयोग एकच आणि त्यामागची समजूत वेगळी. आक्का गौरीला आल्या की बाहेरच्या खोलीत बसतात आणि पुरणपोळी घेऊन जातात. सोवळ्यातल्या खोलीत येणार का असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तुझं मडी तू सांभाळ, मला होळगी दे."

गौरी जेवल्या, आरती झाली, सगळ्यांची पानं उठली की सुती सोवळं तिथेच उतरवून धुवायला टाका, वापरलेल्या कपड्यात मिसळू देऊ नका. कद झटकून रात्रभर वाऱ्यावर टाका, ओलसर घडी घातली तर त्याला डाग पडतात. आणि झोपण्याआधी दांडीखाली काठी उभी करून ठेवा, मूळ नक्षत्रावर विसर्जनाच्या सकाळी ती अंधारात शोधावी लागते.